गुळाच्या खोक्यावरील तुलनेची ओळ : कोणाचे नाव न घेता वेगळेपण कसे सांगावे?

कोल्हापूर, सांगली, सातारा भागात अनेक ऊस उत्पादक अलीकडे अडतीवर ढेपा पाठविण्याऐवजी एक किलो, अर्धा किलोचे रवे किंवा गूळ पावडर स्वतःच्या खोक्यात भरून थेट ग्राहकास विकतात. रंग उजळविणारी पावडर न वापरता केलेला गूळ तांबूस ते गडद तपकिरी होतो. ग्राहकाच्या डोळ्यांना मात्र वर्षानुवर्षे फिकट पिवळ्या गुळाची सवय आहे. दुकानात दोन खोकी शेजारी ठेवली की गडद गुळाकडे पाहून ग्राहक "हा जुना आहे का?" किंवा "करपलाय का?" असे विचारतो. अशा वेळी खोक्यावर वा फलकावर एक-दोन ओळींत तुलना करावी लागते. तुलना केली नाही तर माल पडून राहतो. चुकीची केली तर कायद्याची अडचण येते आणि एकदा खोटे ठरल्यावर ग्राहकही पुन्हा येत नाही.

या लेखात गडद गुळाचे एकच उदाहरण घेऊन ही ओळ कशी तयार करावी, तिच्यातील प्रत्येक शब्दामागे कोणता पुरावा असावा आणि कोणते शब्द टाळावेत याची माहिती दिली आहे.

नेहमी दिसणारी ओळ आणि तिच्यातील दोष

या प्रकारच्या खोक्यांवर साधारणपणे पुढील धर्तीचा मजकूर आढळतो :

"केमिकलवाल्या पिवळ्या गुळापेक्षा शंभर टक्के शुद्ध, रसायनमुक्त, सेंद्रिय काळा गूळ. मधुमेहींनाही चालतो."

हा मजकूर लिहिणाऱ्याचा हेतू बहुधा प्रामाणिकच असतो. त्याने खरोखरच पावडर वापरलेली नसते. पण त्याने जे केले ते या ओळीत कोठेच नाही. जे सिद्ध करता येणार नाही ते मात्र भरपूर आहे. एकेक शब्द तपासून पाहू.

'केमिकलवाला पिवळा गूळ' : गुळाचा रंग पिवळा आहे म्हणून त्यात हायड्रॉस घातले आहे असे केवळ पाहून म्हणता येत नाही. हायड्रॉस म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. उकळत्या रसात ते टाकले की रंगद्रव्ये तात्पुरती फिकी पडतात. परंतु रंग फिका येण्यास इतरही कारणे आहेत. को ९२००५ सारख्या गुळास चांगल्या जातीचा पक्व ऊस, निचऱ्याची जमीन, तोडणीनंतर लगेच गाळप, वेळेवर काढलेली मळी आणि बेताचा जाळ यांमुळे पावडर न घालताही गूळ सोनेरी येऊ शकतो. म्हणजे शेजारच्या गुऱ्हाळातील पिवळा गूळ निर्दोष असण्याची पूर्ण शक्यता आहे. तरीही त्यास 'केमिकलवाला' म्हटले, तर तो त्याच्यावरील आरोप ठरतो.

'काळा म्हणून शुद्ध' : याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. क्षारपड जमिनीतील ऊस, उशिरा व जादा दिलेले नत्र, तोडून दोन-तीन दिवस पडलेला ऊस, मळी नीट न काढणे, काहिलीच्या तळाशी पाक लागणे आणि ओलसर साठवण या सर्व कारणांनी गूळ काळपट होतो. त्यामुळे गडद रंग हा शुद्धतेचा पुरावा नाही. ज्या उत्पादकाने रंगालाच शुद्धतेची खूण ठरविले, त्याला पुढच्या हंगामात चांगल्या उसाचा गूळ उजळ आला की स्वतःच्याच ओळीने अडचणीत आणले म्हणून समजावे.

'रसायनमुक्त' : रस निवळण्यासाठी चुन्याची निवळी वापरली असेल तर चुना हेही रसायनच आहे. ऊस वाढविताना युरिया दिला असेल तर शब्दाचा वाद आणखी वाढतो. एखादी वस्तू कशापासून 'मुक्त' आहे हे सांगायचे तर त्या सर्व गोष्टींची तपासणी केलेली असावी लागते. एवढी व्यापक तपासणी कोणीही करीत नाही.

'सेंद्रिय' : हा शब्द आता सैलपणे वापरता येत नाही. अन्न सुरक्षा व मानके (सेंद्रिय अन्न) विनियम, २०१७ नुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नासाठी राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे किंवा सहभागी हमी पद्धतीचे, म्हणजे पीजीएसचे प्रमाणीकरण लागते. थेट ग्राहकास विकणाऱ्या लहान उत्पादकास काही सवलत आहे. परंतु दुकानातून विकावयाच्या खोक्यासाठी प्रमाणपत्र नसेल तर हा शब्द गाळावा. पावडर न घातलेला गूळ आणि सेंद्रिय उसाचा गूळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही लक्षात ठेवावे.

'शंभर टक्के शुद्ध' : अन्न सुरक्षा व मानके (जाहिरात व दावे) विनियम, २०१८ मध्ये नैसर्गिक, शुद्ध, पारंपरिक, अस्सल अशा शब्दांच्या वापरासाठी अटी घातल्या आहेत. शुद्ध हा शब्द वापरण्यापेक्षा काय घातले आणि काय मोजले ते सांगणे अधिक सोपे व अधिक भक्कम असते.

'मधुमेहींनाही चालतो' : हे विधान धोक्याचे आहे. गुळात बहुतांश साखरच असते आणि गुळानेही रक्तातील साखर वाढते. रंग गडद असल्याने त्यात फरक पडत नाही. ही ओळ वाचून एखाद्या रुग्णाने गूळ खाण्यास सुरुवात केली तर त्याचे नुकसान होईल. आजाराशी संबंधित कोणतेही विधान खोक्यावर करू नये.

नाव न घेणे पुरेसे नाही

अनेकांची समजूत अशी आहे की दुसऱ्याचे नाव घेतले नाही म्हणजे झाले. ती बरोबर नाही. २०१८ च्या वरील विनियमांत, स्वतःचा माल खपविण्यासाठी दुसऱ्या उत्पादकाच्या मालास कमी लेखणारी जाहिरात वा दावा करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ५३ नुसार दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्येही दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर कारवाईची तरतूद आहे.

नाव न घेताही दुसरा उत्पादक ओळखता येतो. बाजारपेठेत हिरव्या खोक्यात गूळ विकणारा एकच असेल आणि आपल्या फलकावर हिरव्या खोक्याचे चित्र काढून त्यावर फुली मारली, तर नाव लिहिल्यासारखेच झाले. "नाक्यावरच्या गुळापेक्षा" असे लिहिले आणि नाक्यावर एकच दुकान असेल तरी तेच. म्हणून तुलना नेहमी पद्धतीशी किंवा प्रकाराशी करावी, विक्रेत्याशी करू नये. "फिकट पिवळा गूळ" हा प्रकार आहे. तो सर्वांना माहीत आहे आणि तो कोणा एकाचा नाही. त्यातही फरक सांगावा, दोष सांगू नये. "फिकट गुळापेक्षा याचा रंग गडद आहे" हा फरक झाला. ग्राहक तो उघड्या डोळ्यांनी पाहू शकतो. "फिकट गूळ हानिकारक आहे" हा दोषारोप झाला.

पुरावा आधी, ओळ नंतर

तुलनेची ओळ छपाईच्या वेळी सुचेल तशी लिहू नये. ती गुऱ्हाळावरून तयार होत येते. आपण काय केले याची नोंद असेल तरच ते लिहिता येते. यासाठी तीन गोष्टी कराव्यात.

१) आदणवार नोंदवही : प्रत्येक आदणास क्रमांक द्यावा. त्यापुढे तारीख, कोणत्या शेतातील ऊस, जात, तोडणी व गाळपाची वेळ, रसात काय व किती घातले आणि किती किलो गूळ मिळाला हे लिहावे. 'काय घातले' या रकान्यात भेंडी, चुना, तेल, सोडा यांपैकी जे वापरले ते सर्व लिहावे. येथे बहुतेकांकडून तेल राहून जाते. रस उकळताना फेस वर येऊ नये म्हणून काहिलीत थोडे खाद्यतेल टाकण्याची पद्धत आहे. ते टाकले असेल तर "काहीही घातलेले नाही" हे वाक्य खोटे ठरते. शेंगदाणा तेल वापरले असेल तर भुईमुगाची ॲलर्जी असणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीनेही ही नोंद महत्त्वाची आहे.

२) गुळव्याशी आधी बोलणी : बहुतेक गुऱ्हाळांवर गुळव्या करारावर येतो. रंग आणून देणे ही त्याच्या कामाची प्रतिष्ठा असते. मालकाने सांगितले नाही तर एखाद्या आदणास तो सवयीने पावडर टाकतो आणि मालकास ते कळतही नाही. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वीच त्यास स्पष्ट सांगावे. रंग कमी आला तरी मजुरी कमी होणार नाही हेही सांगावे. गुऱ्हाळावर हायड्रॉसचा डबा ठेवूच नये. निवळीसाठी लागणाऱ्या साहित्याच्या खरेदीची बिले जपून ठेवावीत. काय विकत घेतले आणि काय घेतले नाही हे त्यावरून दिसते.

३) प्रयोगशाळेचा अहवाल : हायड्रॉस वापरल्यास गुळात सल्फर डायऑक्साइड मागे राहतो आणि तो मोजता येतो. एका आदणातील पाच-सहा वेगवेगळ्या रव्यांतून थोडा थोडा गूळ घ्यावा, तो एकत्र करावा आणि त्याचे तीन भाग करून कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरावेत. एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेस पाठवावा, एक स्वतःकडे मोहोरबंद ठेवावा व एक जादा ठेवावा. बरणीवर आदण क्रमांक लिहिण्यास विसरू नये. प्रयोगशाळेस सल्फर डायऑक्साइड व ओलावा या दोन गोष्टी तपासण्यास सांगावे. सुरुवातीस एवढे पुरते.

अहवाल वाचताना दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की 'आढळले नाही' याचा अर्थ 'अजिबात नाही' असा होत नाही. प्रत्येक पद्धतीची मोजण्याची खालची सीमा असते आणि त्याखालचे प्रमाण ती दाखवू शकत नाही. अहवालात ती सीमा दिलेली असते. ती किलोस १० मिलिग्रॅम असेल तर आपल्याला "१० मिलिग्रॅमपेक्षा कमी" एवढेच लिहिता येते. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. साठवणीत गुळातील सल्फर डायऑक्साइड कमी होत जातो. त्यामुळे तीन-चार महिने ठेवलेल्या गुळाचा अहवाल चांगला आला तरी गाळपाच्या वेळी पावडर वापरली नव्हती असे त्यावरून ठरत नाही. नमुना ताज्या गुळाचा असावा, तो काढल्याची तारीख नोंदवलेली असावी आणि अहवालाच्या जोडीला नोंदवही असावी. अहवाल व नोंदवही एकमेकांस आधार देतात. त्यांपैकी एकच असेल तर पुरावा अर्धाच राहतो.

एक उदाहरण

समजा, करवीर तालुक्यातील एक शेतकरी स्वतःच्या गुऱ्हाळात गूळ करतो. एका आदणास सुमारे दोन टन ऊस लागतो व सव्वादोनशे किलोच्या आसपास गूळ मिळतो. रस निवळण्यासाठी तो रानभेंडीची खोडे ठेचून काढलेला चिकट रस वापरतो. रस तापू लागला की हा चिकट रस काहिलीत घातला जातो. त्यात गाळ अडकून मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढून टाकली जाते. फेसासाठी तो थोडे तेल टाकतो. चुना नेहमी वापरत नाही. आदण क्रमांक १४ चा नमुना त्याने तपासून घेतला. सल्फर डायऑक्साइड किलोस १० मिलिग्रॅमपेक्षा कमी आला.

आता त्याच्याजवळ सांगण्यासारख्या खऱ्या गोष्टी कोणत्या आहेत? रस भेंडीने निवळला. रंग उजळविण्यासाठी काही घातले नाही. अमुक आदणाच्या नमुन्यात सल्फर डायऑक्साइड इतका आला. नेहमीच्या फिकट गुळापेक्षा रंग गडद आहे. एवढ्या चार गोष्टींवर पूर्ण ओळ उभी राहते.

पहिला प्रयत्न त्याने असा केला : "रंगासाठी पावडर न वापरलेला, म्हणूनच इतरांपेक्षा चांगला गूळ."

यातील पहिला भाग खरा आहे. 'म्हणूनच इतरांपेक्षा चांगला' हा भाग मात्र सिद्ध होत नाही. चांगला कशात? चवीत, टिकाऊपणात की गोडीत? आणि 'इतर' म्हणजे कोण? सर्व इतर गूळ त्याने तपासलेले नाहीत. शिवाय पहिल्या भागास दुसरा भाग जोडला की इतर सर्व जण पावडर वापरतात असा अर्थ निघतो.

दुसरा प्रयत्न : "रस भेंडीने निवळलेला. भेंडीखेरीज काहीही घातलेले नाही."

ही ओळ अधिक चांगली आहे, पण तेलामुळे खोटी ठरते. येथे 'कशासाठी' हा शब्द घातला की विधान खरे होते.

तिसरा व अंतिम मजकूर असा झाला :

"या गुळाचा रंग फिकट पिवळ्या गुळापेक्षा गडद आहे. रस रानभेंडीच्या चिकट रसाने निवळला असून रंग उजळविण्यासाठी काहीही घातलेले नाही. हंगाम व शेतानुसार रंग कमी-अधिक होईल. चहा व पुरणाचा रंगही गडद येईल."

खाली लहान अक्षरांत : "आदण क्र. १४. ताज्या नमुन्यात सल्फर डायऑक्साइड १० मि.ग्रॅ. प्रति किलोपेक्षा कमी. अहवाल विक्रीकेंद्रावर पाहावयास मिळेल."

या मजकुरात स्तुती करणारे एकही विशेषण नाही. तरीही ग्राहकाच्या मनातील शंकेला, म्हणजे "हा असा काळा का?" या प्रश्नाला, पहिल्या दोन वाक्यांतच उत्तर मिळते. 'रंग कमी-अधिक होईल' या वाक्याने पुढच्या वेळी उजळ गूळ आल्यास ग्राहकास फसविल्यासारखे वाटत नाही. चहा व पुरणाबद्दलचे वाक्य तर मालाची उणीवच सांगते. पिवळेधमक पुरण हवे असणारा ग्राहक हा गूळ घेणार नाही. तो घरी नेऊन नाराज होण्यापेक्षा आधीच कळलेले बरे. जो घेईल तो समजून घेईल आणि पुन्हा येईल.

या मजकुरातील "काहीही घातलेले नाही" या शब्दांबाबत एक सूचना. एखादा पदार्थ घातलेला नाही असे सांगण्यासही २०१८ च्या विनियमांत अटी आहेत. म्हणून छपाईस देण्यापूर्वी मजकूर आपल्या जिल्ह्यातील अन्न सुरक्षा अधिकाऱ्यास अथवा जाणकार सल्लागारास दाखवून घ्यावा. खोक्यावरील वजन, किंमत, घटक, परवाना किंवा नोंदणी क्रमांक, तारीख इत्यादी आवश्यक तपशील वेगळे असतात. तुलनेची ओळ त्यांची जागा घेऊ शकत नाही. हे आवश्यक तपशील इंग्रजी किंवा देवनागरीतील हिंदीत द्यावे लागतात. जोडीला मराठी मजकूर देता येतो.

आकड्यांची तुलना करावयाची असल्यास

काही उत्पादकांना "साखरेपेक्षा लोह अधिक" असे लिहावेसे वाटते. पांढऱ्या साखरेत लोह जवळजवळ नसतेच. त्यामुळे तिच्यापेक्षा अधिक म्हणणे सोपे आहे, पण त्यातून ग्राहकास काय मिळते हे पाहावे. गुळातील लोहाचे प्रमाण जमीन, रस व काहील यांनुसार पुष्कळ बदलते आणि माणूस दिवसाला थोडाच गूळ खातो. पोषणविषयक तुलनात्मक दाव्यासाठी २०१८ च्या विनियमांत ठराविक किमान फरक व ठराविक किमान प्रमाण ठरवून दिले आहे. तुलना कोणत्या पदार्थाशी केली तेही स्पष्ट सांगावे लागते. स्वतःच्या गुळाचे अनेक आदणांचे पृथक्करण करून घेतलेले नसेल तर पुस्तकातील तक्त्यातला आकडा आपल्या खोक्यावर छापू नये. तो आकडा आपल्या गुळाचा नसतो.

बाजारातील दुसऱ्या गुळाचा नमुना आणून दोन्ही अहवाल शेजारी छापण्याची कल्पनाही काही जण मांडतात. एकदा विकत आणलेला एक रवा त्या संपूर्ण प्रकाराचे प्रतिनिधित्व करीत नाही. तो किती दिवसांचा आहे, कसा साठविला होता हे आपल्याला माहीत नसते. सल्फर डायऑक्साइड साठवणीत कमी होतो हे वर पाहिलेच आहे. म्हणून अशी तुलना स्वतःच्या माहितीसाठी ठेवावी, छापू नये. छापावयाचा तो स्वतःच्या मालाचा आकडा आणि त्याच्या जोडीला कायद्याने ठरविलेली मर्यादा. आपल्या मालाची तुलना शासनमान्य मर्यादेशी केली तर कोणाचाही अवमान होत नाही आणि ग्राहकास मोजपट्टी मिळते. ही मर्यादा प्रयोगशाळेच्या अहवालातच दिली असल्यास तेथूनच ती घ्यावी.

"दूध फाटत नाही" हेही असेच एक आवडते वाक्य. चहात दूध फाटणे हे गुळाच्या आम्लतेवर, दुधाच्या ताजेपणावर आणि गूळ उकळत्या चहात घातला की नंतर यावर अवलंबून असते. यांपैकी दोन गोष्टी ग्राहकाच्या हातात आहेत. त्यामुळे हमी देण्याऐवजी कृती सांगावी : "चहा चुलीवरून उतरल्यावर गूळ घालावा." ग्राहकास हवा तो उपयोग होतो आणि खोटे पडण्याचा प्रश्न राहत नाही.

ओळ कोठे लावावी व कोठे काढावी

एकदा खोकी छापून आणली की ती संपेपर्यंत वापरण्याकडे कल असतो. येथे बहुतेक चुका होतात. समजा, जानेवारीत दुसऱ्या शेतातील, थोड्या क्षारयुक्त जमिनीतला ऊस आला. रस निवळेना म्हणून त्या आदणास चुना घालावा लागला. चुना रंग उजळविण्यासाठी घातलेला नाही, असे म्हणता येईल. परंतु खोक्यावर फक्त भेंडीचा उल्लेख आहे. वाचणाऱ्याचा समज भेंडीनेच निवळल्याचा होतो. अशा आदणाचा गूळ त्या खोक्यात भरू नये. तो वेगळा, साध्या वेष्टनात विकावा किंवा अडतीवर पाठवावा.

यासाठी तुलनेचा मजकूर खोक्यावरच कायम छापण्याऐवजी वेगळ्या चिकटपट्टीवर छापणे सोयीचे पडते. त्यावर आदण क्रमांकासाठी मोकळी जागा ठेवावी. ज्या आदणाची नोंद पूर्ण आहे त्याच खोक्यांवर ती चिकटवावी. अहवालाचा आकडा मात्र ज्या आदणाचा नमुना तपासला त्याच खोक्यांवर द्यावा. आदण १४ चा अहवाल आदण ३० च्या गुळाबद्दल काही सांगत नाही. प्रत्येक आदण तपासणे खर्चाचे असल्यास इतर खोक्यांवर केवळ पद्धतीची माहिती द्यावी, आकडा देऊ नये.

'कोल्हापुरी गूळ' या नावास २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. तो निर्देशांक खोक्यावर वापरावयाचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी. दुसऱ्या भागातील गुळाच्या तुलनेत आपला गूळ 'अस्सल' असे त्यावरून म्हणू नये.

विक्री करणाऱ्याचे बोलणे

खोक्यावर जपून लिहिले आणि प्रदर्शनात गाळ्यावर बसलेला मुलगा मात्र "ताई, तो पिवळा गूळ घेऊ नका, त्यात विष असतं" असे सांगू लागला, तर छापलेल्या ओळीचा उपयोग राहत नाही. ऐकणाऱ्याने तेच लक्षात ठेवलेले असते. म्हणून गाळ्यावर बसणाऱ्यास तीन उत्तरे आधीच सांगून ठेवावीत.

"हा काळा का?" असे विचारल्यास : "रंग उजळायला काही घालत नाही आम्ही. रस भेंडीने निवळतो."

"मग पिवळ्यात काय असतं?" असे विचारल्यास : "ते ज्यांनी केलं त्यांनाच विचारावं लागेल. आमच्या गुळाचा अहवाल हा इथे आहे, बघा."

"वडिलांना साखरेचा त्रास आहे, त्यांना चालेल?" असे विचारल्यास : "नाही. हाही गोडच आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका."

तिसऱ्या उत्तराने त्या दिवशी एक खोका कमी खपेल. तरीही उत्तर हेच द्यावे.

छपाईपूर्वी तपासावयाच्या बाबी

मजकूर तयार झाल्यावर तो दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि प्रत्येक वाक्यास पुढील प्रश्न विचारावेत.

१) हे वाक्य कोणत्या नोंदीवरून, बिलावरून किंवा अहवालावरून दाखविता येईल? दाखविता येत नसेल तर काढावे.

२) तुलना कोणाशी आहे? ती प्रकाराशी असावी, दुकानाशी किंवा गुऱ्हाळाशी नसावी. चित्र व रंगातूनही कोणी ओळखू येऊ नये.

३) हे वाक्य वाचून दुसऱ्याचा माल वाईट आहे असा अर्थ निघतो का? निघत असेल तर फक्त आपल्या मालाबद्दल लिहावे.

४) पुढच्या आदणास, पुढच्या हंगामात हे वाक्य खरे राहील का? राहणार नसेल तर आदण क्रमांक द्यावा.

५) चांगला, उत्तम, शुद्ध, मुक्त, सर्वांत, एकमेव यांपैकी शब्द आहे का? तो काढून वाक्य पुन्हा वाचावे. बहुतेक वेळा वाक्याचे काही बिघडत नाही, उलट ते अधिक स्पष्ट होते.

मजकूर मंजूर झाल्यावर त्याची एक प्रत, छपाईची तारीख, संबंधित आदणांचे नोंदवहीतील पान व अहवाल एकाच फाईलमध्ये ठेवावेत. मोहोरबंद नमुनाही त्या आदणाचा माल संपेपर्यंत व त्यानंतर काही महिने कोरड्या जागी जपून ठेवावा. कोणी शंका घेतली तर ही फाईल पुढे ठेवता येते.